10⁻¹¹ मधला उणे कुठे गेला? भौतिकशास्त्राच्या स्वाध्यायपत्रिकेच्या प्रकल्प नोंदी

काम असे: दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणावर चार पानांची स्वाध्यायपत्रिका, मराठी माध्यम, अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेसाठी ९० प्रती. प्रश्न ३८. जवळपास प्रत्येक प्रश्नात दहाचा घात आहे, आणि सगळा वेळ त्यानेच खाल्ला. साधने म्हणजे एक जुना लॅपटॉप, त्यावर लिब्रेऑफिस रायटर आणि गावातले झेरॉक्सचे दुकान. हेच काम दुसऱ्या कोणाला करायचे असेल तर निदान त्याच खड्ड्यात पडू नये, म्हणून या नोंदी ठेवल्या.

२३ जून

मागच्या वर्षीची पत्रिका डीटीपीवाल्याकडे पेजमेकरमध्ये बसवलेली होती, बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये. तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. मराठी अक्षरे बरी आली, चारपाच जोडाक्षरे हाताने नीट करावी लागली. आकड्यांचा मात्र बोऱ्या वाजला.

कारण साधे आहे. घातांक वर दिसत होता तो केवळ फॉरमॅटिंगमुळे. कन्व्हर्टर फक्त अक्षरे घेतो, अक्षर वर आहे की खाली हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे वरचे अंक खाली उतरून 10 ला चिकटले. शिवाय गुणिले चिन्हाच्या जागी काही ठिकाणी भलतेच मराठी अक्षर उमटले, कारण जुन्या फॉन्टमध्ये × या चिन्हाचा घर क्रमांक एखाद्या अर्ध्या अक्षराला दिलेला असतो.

हाती आले ते असे:

```
G = 6.67 × 10-11
M = 6 × 1024 kg
c = 3 × 108 m/s
e = 1.6 × 10-19 C
```

यातली खरी भानगड अशी की चारही ओळी गणित म्हणून बरोबरच दिसतात. 3 × 108 म्हणजे 324, आणि विद्यार्थी निमूटपणे 324 मांडतो. चौथ्या ओळीत तर वजाबाकीच होते: 1.6 × 10 = 16, त्यातून 19 गेले, उत्तर −3. काहीतरी हुकले आहे अशी शंका त्याला येत नाही, कारण गणित अडत नाही, सुटते. चुकीचे अक्षर वाचताना डोळ्यांत खुपते, खाली उतरलेला घातांक खुपत नाही.

वेळ: अडीच तास. हाती आलेले काम: प्रश्नांचा मराठी मजकूर, आकड्यांशिवाय.

२४ जून

खाली उतरलेले घातांक आपोआप वर नेता येतील का, ते पाहिले. रायटरच्या `Find & Replace` मध्ये `Regular expressions` चालू करून हे शोधले:

```
×\s*10[-−]?[0-9]+
```

६३ जागा सापडल्या. एकेक पाहिल्यावर त्यातल्या ५८ खऱ्या निघाल्या, ५ फसव्या. फसव्यांमध्ये सगळ्यात वाईट होती ती `9.8 × 100`. वस्तुमान १०० किलो असलेल्या वस्तूचे वजन काढायचा साधा गुणाकार आहे तो. आपोआप बदल चालवला असता तर त्याचे 9.8 × 10⁰ झाले असते, म्हणजे वस्तुमान १ किलो. बाकीच्या चार जागाही अशाच, 102 किंवा 105 या साध्या संख्यांच्या.

एकदा घातांक खाली उतरला की तो परत वर नेणारे कोणतेही सूत्र नाही, ही गोष्ट इथे पक्की झाली. 108 हा एकशे आठ आहे की दहाचा आठवा घात, हे आकड्यात लिहिलेले नसते, प्रश्नाच्या अर्थात असते. म्हणून ६३ जागा हाताने पाहिल्या, शेजारी पाठ्यपुस्तक उघडे ठेवून. दीड तास लागला. झटपट उपाय शोधण्यात गेलेला एक तास वेगळा.

२६ जून

आता पुढचा नियम ठरवला: मजकूर तयार होत असताना घातांक कधीही फॉरमॅटिंगच्या भरवशावर ठेवायचा नाही. सगळीकडे टोपी टाकायची, म्हणजे `6.67 × 10^-11`. दिसायला ओबडधोबड आहे, पण ते व्हॉट्सॲपवर जाते, नोटपॅडमध्ये टिकते, कुठेही चिकटवा, अर्थ तोच राहतो. सुबक करणे अगदी शेवटी, एकदाच.

प्रश्न तिघांनी मिळून टाइप केले, दोघांनी मोबाइलवर. एकाच गोष्टीची चार रूपे आली:

```
10^-11
10 ^ -11
10^–11
10^-११
```

दुसऱ्यात मोकळ्या जागा. तिसऱ्यातला उणे हा मुळात उणे नाही, लांब संयोगचिन्ह आहे. चौथ्यात अंक देवनागरी. माणसाला चारही सारखेच वाचता येतात, शोध-बदलाला चार वेगळे दिसतात. मग टाइप करणाऱ्यांना एकच ओळ पाठवली: टोपीच्या अलीकडे-पलीकडे जागा नको, उणे म्हणजे कीबोर्डवरची साधी आडवी रेघ, अंक इंग्रजी.

अंक इंग्रजी का, यावर थोडी चर्चा झाली. मराठी माध्यमाची पत्रिका, मग घात देवनागरीत का नको? दोन कारणे. युनिकोडमध्ये ⁰ ते ⁹ असे वरचे अंक आहेत ते फक्त इंग्रजी अंकांचे, देवनागरीचे तसे नाहीत. मोबाइलवर पाठवायची प्रत तशी करताच आली नसती. दुसरे कारण छपाईचे: देवनागरी १ आणि ९ बारीक आकारात झेरॉक्स झाल्यावर एकमेकांसारखे दिसतात, आणि 10⁻¹¹ मध्ये अख्खा खेळ त्या दोन आकड्यांचा. म्हणून मराठी वाक्यात देवनागरी अंक आणि सूत्रात इंग्रजी, अशी वाटणी केली.

ता. क. युनिकोडच्या तक्त्यात U+A8E0 पासून पुढे देवनागरी अंकांसारखी वर बसणारी चिन्हे दिसतात. ती सामवेदाच्या स्वरलेखनासाठी आहेत आणि आधीच्या अक्षराच्या डोक्यावर चढतात. घातांकासाठी त्यांचा काही उपयोग नाही. त्यात पाऊण तास गेला म्हणून लिहून ठेवले.

२८ जून

टोपीचे घातांक करण्याचा दिवस. इथे सगळ्यात महागडी चूक झाली.

आधी वाटले, टोप्या काढून टाकू आणि मग घातांक वर उचलू. `^` शोधली, बदलाचा रकाना रिकामा ठेवला, `Replace All`. एका क्षणात `10^24` चे `1024` झाले आणि आपण २३ जूनला होतो तिथेच परत येऊन बसलो. त्यात फाइल सेव्ह करून बंद केलेली. दुसऱ्या फाइलमध्ये टोपीवाली प्रत होती म्हणून वाचलो, तरी त्या दिवशी केलेल्या मजकुराच्या दुरुस्त्या पुन्हा कराव्या लागल्या. दीड तास.

बरोबर क्रम असा आहे. टोपी सगळ्यात शेवटी जाते, कारण घातांक कुठे सुरू होतो हे सांगणारी तीच एक खूण आहे.

आधी एक कॅरेक्टर स्टाइल बनवली, नाव दिले `घात`. स्टाइल्सच्या खिडकीत नवी कॅरेक्टर स्टाइल काढायची आणि तिच्या `Position` टॅबमध्ये `Superscript` निवडायचे. थेट `Ctrl+Shift+P` दाबूनही अंक वर जातो, पण मग आकार बदलायचा म्हटले की प्रत्येक जागी जाऊन बदलावा लागतो. स्टाइल असेल तर एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. याचा फायदा तीनच दिवसांनी कळला.

पहिली पायरी, साध्या रेघेच्या जागी खरे उणे चिन्ह. शोध:

```
(?<=10\^)-
```

बदल: `−`, म्हणजे U+2212. कीबोर्डवरची रेघ आखूड असते आणि वर नेल्यावर आणखी आखूड होते. खरे उणे चिन्ह अधिकच्या आडव्या रेघेइतके लांब असते.

दुसरी पायरी, घातांक निवडणे:

```
(?<=10\^)−?[0-9]+
```

इथे `Find All` दाबायचे, बदल करायचा नाही. सगळे घातांक एकदम निवडले जातात, खिडकी बंद केली तरी निवड राहते. मग `घात` स्टाइलवर डबल-क्लिक. सगळे एकदम वर.

तिसरी पायरी, टोपी काढणे:

```
(?<=10)\^(?=[−0-9])
```

बदल रिकामा, `Replace All`. एकेक करत `Replace` दाबण्याच्या फंदात पडू नये.

मग नुसती `\^` शोधली, काही उरले का पाहायला. २२ उरल्या. बहुतेक एककातल्या, `m/s^2` आणि `kg^2`, कारण शोध फक्त 10 च्या मागे लागलेला होता. शोधात 10 ऐवजी `[0-9A-Za-z]` घालून तिन्ही पायऱ्या पुन्हा केल्या. तरी ३ टोप्या तशाच! त्या होत्या `(6.4 × 10^6)^2` मधल्या बाहेरच्या घाताच्या. टोपीच्या आधी अंक नाही, अक्षर नाही, कंस आहे. मग शोध असा झाला:

```
(?<=[0-9A-Za-z)]\^)−?[0-9]+
```

ही शेवटची टोपी-तपासणी विसरू नये. टोपी उरली तर दिसते आणि पकडता येते, टोपीशिवाय उरलेला घातांक दिसतच नाही.

३० जून

पीडीएफ पडद्यावर देखणी दिसली. पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात गेलो. एक प्रिंट काढून त्याच्या ९० झेरॉक्स, चार पाने, पानाला १ रुपया, एकूण ३६० रुपये. शाळेत आणून गठ्ठा उघडला तेव्हा कळले की उणे चिन्ह अनेक पानांवर उमटलेच नाही. कुठे अर्धवट, कुठे नुसता ठिपका, कुठे काहीच नाही. 10⁻¹¹ चे 10 आणि थोडी मोकळी जागा सोडून ¹¹.

दुकानदार म्हणाला, "सर, मशीनचा काही दोष नाही भो, तुमचं ओरिजिनलच बारीक हाये." त्याचे म्हणणे बरोबर होते. रायटरमध्ये वर नेलेल्या अक्षराचा आकार मूळच्या ५८ टक्के असतो. मजकूर १२ पॉइंटचा, म्हणजे घातांक सुमारे ७ पॉइंटचा. त्या आकारात अंक तग धरतात, कारण अंकाला उभ्या-आडव्या पुष्कळ रेघा असतात, एखादी फिकी झाली तरी आकार ओळखू येतो. उणे म्हणजे एकच बारीक आडवी रेघ. ती गेली की सगळे चिन्हच गेले.

याने किती फरक पडतो ते पत्रिकेतल्याच पहिल्या प्रश्नावर पाहू. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील g काढा:

```
g = GM / R²
G = 6.67 × 10⁻¹¹
M = 6 × 10²⁴
R = 6.4 × 10⁶
```

अंशात 6.67 × 6 = 40.02, छेदात 6.4 × 6.4 = 40.96. भागाकार 0.977. घात वेगळे धरायचे: −11 + 24 − 12 = 1. म्हणून 0.977 × 10¹, म्हणजे 9.77 m/s². ओळखीचे उत्तर.

आता उणे छापलेच नाही असे धरा. घातांची बेरीज 11 + 24 − 12 = 23 होते आणि उत्तर येते 9.77 × 10²². पुढचे आकडे तेच, 9.77. विद्यार्थ्याला वाटते आकडेमोड बरोबर आहे, तपासणाऱ्यालाही वाटते की पोराने घातांची बेरीज चुकवली. दोष छपाईचा आणि गुण जातात पोराचे.

९० प्रती रद्दीत. पाठकोऱ्या असल्याने कच्च्या कामाला ठेवल्या.

१ जुलै

या वेळी आधी चाचणी-पट्टी. एकाच पानावर `6.67 × 10⁻¹¹` ही ओळ चार वेळा, घातांकाचा आकार ५८, ६५, ७० आणि ८० टक्के. त्याची प्रिंट, प्रिंटची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स, कारण शाळेत शेवटी तेच होते: प्रती कमी पडल्या की कोणीतरी छापील पत्रिकेवरूनच आणखी काढून आणतो. खर्च ४ रुपये. हे आधी केले असते तर ३६० वाचले असते.

दुसऱ्या झेरॉक्सवर ५८ चा उणे गेलेला, ६५ चा तुटक, ७० चा अखंड. ८० टक्के इतका मोठा की घातांक घातांक वाटत नाही, 10 च्या शेजारी बसलेला दुसरा आकडा वाटतो. ७० ठेवला. `घात` स्टाइलच्या `Position` टॅबमध्ये `Relative font size` ७०, वर उचलण्याचे प्रमाण मूळचे ३३ तसेच. एका जागी बदल, चारही पानांवर लागू.

आकार वाढल्यावर एक नवे दुखणे आले. ज्या ओळीत घातांक आहे ती वरच्या ओळीपासून थोडी दूर सरकते, बाकीच्या जवळ, आणि परिच्छेद दात पडल्यासारखा दिसतो. `Format → Paragraph` मध्ये `Line Spacing` ला `Fixed` करून १६ पॉइंट दिले. ओळी सरळ झाल्या, पण वेलांट्या आणि रफार वरून कापले गेले, कारण `Fixed` मध्ये ओळीला दिलेल्या उंचीबाहेरचे काही दाखवले जात नाही. इंग्रजी मजकुरासाठी १६ पुरले असते, देवनागरीला डोक्यावर जागा लागते. २० पॉइंटला वेलांटीही शाबूत आणि घातांकही. चार पानांची सव्वाचार झाली. दोन प्रश्न कमी केले.

३ जुलै

छोटी गोष्ट. दोन ठिकाणी ओळ `6.67 ×` वर संपत होती आणि `10⁻¹¹` पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. वाचणारा दुसरी ओळ नवी संख्या समजतो. × च्या दोन्ही बाजूंना साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा टाकली, `Ctrl+Shift+Space`. रायटर ती करड्या रंगात दाखवतो, छपाईत रंग येत नाही. संख्या आणि एकक यांच्यामध्येही तीच. २० मिनिटे.

४ जुलै

मोठ्या आणि छोट्या संख्या दहाच्या घातात लिहा, असा एक प्रश्नगट आहे. त्यात इथलेच आकडे घातले: तापीची लांबी ७२४ किमी मीटरमध्ये, भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातल्या एका ५०० मेगावॅट संचाची क्षमता वॅटमध्ये, आणि कापसाच्या तंतूची जाडी, सुमारे १५ मायक्रोमीटर, मीटरमध्ये.

उत्तरसूची लिहिताना दोघांनी दोन वेगळी उत्तरे आणली. चूक शून्ये मोजण्यात होती.

तापी: 7,24,000 m. शून्ये तीन, म्हणून एकाने 7.24 × 10³ लिहिले. मोजायचे असतात ते पहिल्या अंकानंतरचे सगळे अंक, शून्य असो वा नसो. 7 नंतर पाच अंक, म्हणून 7.24 × 10⁵ m.

दीपनगरचा संच: 50,00,00,000 W. इथे 5 नंतर आठही शून्येच आहेत, म्हणून शून्ये मोजूनही उत्तर बरोबर येते, 5 × 10⁸ W. नेमकी हीच अडचण: चुकीची पद्धत पहिल्या उदाहरणात बरोबर उत्तर देते आणि पोरगा तीच धरून बसतो. म्हणून प्रश्नांचा क्रम बदलला, तापी आधी घेतली.

आपल्या स्वल्पविरामांमुळे आणखी एक सोय आहे, ती उत्तरसूचीत टीप म्हणून टाकली: लाख म्हणजे 10⁵, कोटी म्हणजे 10⁷, अब्ज म्हणजे 10⁹. ५० कोटी म्हणजे 5 × 10¹ × 10⁷. तीन-तीन अंकांचे गट पाडणाऱ्या पद्धतीने लिहिलेली संख्या मात्र या हिशोबाने मोजू नये, गफलत होते.

कापसाचा तंतू: 0.000015 m. दशांशचिन्हानंतर चार शून्ये, म्हणून −4 लिहिले गेले. पण घात ठरतो तो पहिला शून्येतर अंक कितव्या घरात आहे यावरून. 1 पाचव्या घरात आहे, म्हणून 1.5 × 10⁻⁵ m. उलटे करून पाहावे: 1.5 × 10⁻⁴ म्हणजे 0.15 मिलिमीटर. एवढा जाड तंतू कापसात असता तर बोटाला जाडाभरडा लागला असता.

६ जुलै

उत्तरसूचीची आकडेमोड कॅल्कमध्ये केली, हाताने केलेल्या आकडेमोडीवर पडताळा म्हणून. चंद्रावरचा g:

```
=6.67E-11*7.34E22/(1.74E6)^2
```

उत्तर 1.617, पुस्तकात 1.62 च्या आसपास असतेच. कॅल्कमध्ये घात असा `E` ने टाकायचा. `10^-11` असेही चालते, पण कंस राहिला की गणित बिघडते.

कॅल्कने मधल्या पायऱ्या `4.90E+12`, `3.03E+12` अशा दाखवल्या. हे जसेच्या तसे सूचीत उतरवू नये. विद्यार्थी E ला अज्ञात राशी समजतो. दुसरे म्हणजे एकअंकी घात कॅल्क `1.70E-08` असा शून्य लावून देतो, आणि तो आंधळेपणाने बदलला की 10⁻⁰⁸ होतो. पेशीचे फॉरमॅट `0.00E+00` ऐवजी `0.00E+0` केले, शून्य गेले. मग `E+12` चे `× 10^12`, `E-8` चे `× 10^-8`, आणि पुढे २८ जूनच्या तीन पायऱ्या.

८ जुलै

गैरहजर मुलांना पत्रिका पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर हवी होती, तीही साध्या मजकुरात, कारण काहींच्या मोबाइलमध्ये पीडीएफ उघडायला जागा नसते. रायटरमधून कॉपी करून चिकटवले आणि पुन्हा `6 × 1024`. फॉरमॅटिंग व्हॉट्सॲपमध्ये जात नाही, हे आता नवे राहिले नव्हते.

इथे युनिकोडचे वरचे अंक कामाला येतात. ती फॉरमॅटिंग नसून स्वतंत्र अक्षरे आहेत, म्हणून कॉपी केली तरी वरच राहतात. टोपीवाली मूळ प्रत जपून ठेवली होती, ती `sheet.txt` म्हणून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली आणि ही छोटी पायथॉन फाइल चालवली:

```python
import re
sup = str.maketrans("0123456789-−", "⁰¹²³⁴⁵⁶⁷⁸⁹⁻⁻")
t = open("sheet.txt", encoding="utf-8").read()
t = re.sub(r"(?<=[0-9A-Za-z)])\^([-−]?[0-9]+)",
           lambda m: m.group(1).translate(sup), t)
open("sheet_wa.txt", "w", encoding="utf-8").write(t)
print("उरलेल्या टोप्या:", t.count("^"))
```

पहिल्या आवृत्तीत `[0-9]` च्या जागी `\d` होते. पायथॉनमध्ये `\d` ला देवनागरी अंकही चालतात. एका प्रश्नात `10^५` राहून गेले होते. ते सापडले, टोपी निघाली, पण ५ ला वरचे रूप नसल्याने तो खालीच राहिला: `10५`. टोप्या शून्य दाखवत होत्या आणि चूक आत होती. `[0-9]` केल्यावर ती जागा शोधात बसत नाही, टोपी उरते आणि शेवटची ओळ 1 दाखवते. तेच हवे आहे.

विंडोजवर `encoding="utf-8"` दोन्ही ठिकाणी लिहावेच. नाहीतर मराठी मजकूर वाचतानाच चूक येते किंवा कचरा अक्षरे येतात.

चार वेगवेगळ्या मोबाइलवर पाहिले. एका जुन्या मोबाइलवर 10²⁴ मधला ² जाड आणि मोठा, ⁴ बारीक आणि थोडा वर. कारण ¹ ² ³ ही तीन अक्षरे जुन्या लॅटिन-१ संचातली, घर क्रमांक U+00B9, U+00B2, U+00B3. बाकीचे वरचे अंक U+2070 पासून पुढे, वेगळ्या खणात. पुष्कळ फॉन्टमध्ये पहिले तीन असतात आणि बाकीचे नसतात, मग मोबाइल ते दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणतो. वाचता येते, म्हणून सोडून दिले. छापील प्रतीत मात्र ही अक्षरे वापरली नाहीत ती याच कारणासाठी. तिथे `घात` स्टाइल, एकच फॉन्ट, एकच जाडी.

१० जुलै

नवी प्रिंट, आधी एकच झेरॉक्स. हातात लाल पेन घेऊन फक्त उणे मोजले: टोपीवाल्या प्रतीत `^-` किती आहेत ते शोधून आधी लिहून ठेवले होते, ४१. कागदावर ४१ भरले. मग उरलेल्या ८९ काढल्या.

एकूण खर्च ७२४ रुपये: वाया गेलेले ३६०, चाचणी-पट्टीचे ४, खरे ३६०. वेळ सुमारे १९ तास, त्यातले निम्मे तरी चुका निस्तरण्यात. खर्चाचा आकडा तापीच्या किलोमीटरशी जुळला हा योगायोग, उत्तरसूचीशी त्याचा संबंध नाही.

राहिलेली एक त्रुटी: प्रश्न २७ मध्ये G चे एकक `N m²/kg²` असे आहे आणि प्रश्न ३१ मध्ये `N m² kg⁻²`. दोन्ही बरोबर, पण एकाच पत्रिकेत दोन पद्धती नकोत. छापून झाल्यावर लक्षात आले. टोपीवाल्या प्रतीत दुरुस्त करून ठेवले आहे, पुढच्या छपाईत येईल.